स्टोरीतल्या पोलने शेड का विकली जात नाही, आणि सल्ला कसा विकला जातो

प्रश्न: आमचं रंगांचं दुकान आहे, सोबत रंगसल्ल्याचं कामही सुरू केलंय. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत जवळजवळ रोज पोल टाकतो, "ही शेड की ती?" असा. मतं भरपूर येतात, पण ना डबा विकला जातो ना सल्ल्यासाठी कुणी विचारतं. पोल, क्विझ, प्रश्नाचा स्टिकर यांचा धंद्याला खरंच उपयोग होतो का? होत असेल तर नेमकं विचारायचं काय?

उत्तर:

"ही शेड की ती" या पोलवर बोट ठेवायला घर रंगवायचा विचार असावा लागत नाही. तो पोल तुमचा शेजारी, तुमचा भाचा आणि दुसऱ्या दुकानातला मुलगा असे सगळेच खेळतात. त्यामुळे रात्री तुमच्या हातात दोनशे मतं येतात, पण त्या दोनशेतल्या कुणाकडे रिकामी भिंत आहे ते काही कळत नाही. ही झाली अर्धी अडचण. उरलेली अर्धी जास्त गंभीर आहे, आणि ती मी स्वतः भोगून शिकले.

सुरुवातीच्या काळात मीही असाच पोल टाकला होता. एका ग्राहकाची खोली होती आणि दोन राखाडी शेड्समध्ये त्यांचं मन अडकलं होतं. मी म्हटलं, लोकांनाच विचारू. एक शेड मोठ्या फरकाने जिंकली, तीच लावली. आठ दिवसांनी फोन आला: "दिवसा ठीक आहे हो, पण रात्री भिंत जांभळट दिसते." मी जाऊन पाहिलं तर खरंच जांभळट दिसत होती. मत देणाऱ्यांपैकी कुणीही ती भिंत पाहिलेली नव्हती. त्यांनी आपापल्या फोनचा पडदा पाहिला होता. कुणाच्या फोनवर डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड चालू असणार, कुणाचा उजेड पार कमी केलेला असणार, आणि मुळात माझ्या कॅमेऱ्यानेही त्या राखाडीला स्वतःच्या मताने थोडं निळं केलं होतं. स्टोरीतून रंग पोहोचतो तो असा, वाटेत दोनतीनदा बदलून. भिंत पुन्हा रंगवून द्यावी लागली, माझ्या खर्चाने.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. स्टोरीत मी शेडबद्दल मत मागत नाही. समोरच्याच्या खोलीबद्दल विचारते: उजेड कसा आहे, दिवे कुठले आहेत, मागच्या वेळी काय बिनसलं, काम कधी काढायचंय. ज्याला भिंतीचा खरोखर त्रास आहे तोच याची उत्तरं मनापासून देतो. शिवाय या उत्तरांना फोनच्या पडद्यामुळे बाधा येत नाही. दिवा पिवळा आहे हे सांगायला पडद्यावरचा रंग खरा असावा लागत नाही.

माझा सगळ्यात जास्त चाललेला पोल सांगते. तो मी रात्री टाकते, लोक घरी असतात आणि दिवे लागलेले असतात त्या वेळी. मागे साधी गडद राखाडी पार्श्वभूमी ठेवते, फोटोसुद्धा नाही. वर एवढंच लिहिते: "आत्ता मान वर करा. खोलीतले दिवे कसे आहेत?" पर्याय चार: पिवळे, पांढरे, दोन्ही मिसळ, आणि चौथा "खोली रंगवल्यावर वेगळीच दिसते". पूर्वी पोलला दोनच पर्याय देता यायचे, आता चार देता येतात आणि त्याचा खरा फायदा हा चौथा पर्याय आहे. पहिले तीन पर्याय कुणीही निवडेल. चौथा मात्र ज्याला ठेच लागली आहे तोच निवडतो. तो पर्याय म्हणजे हळूच हात वर करण्याची सोय आहे.

स्टोरी वर सरकवली की कुणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण मत देणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं असं नाही. "तुम्ही काल चौथा पर्याय निवडलात ना?" असा अनोळखी दुकानाकडून मेसेज आला की माणूस दचकतो आणि पुन्हा तुमच्या पोलला हात लावत नाही. म्हणून स्टोरीतच बारीक अक्षरात लिहून ठेवा: "चौथा पर्याय निवडलात तर त्याचं कारण शोधायचे तीन प्रश्न मेसेजमध्ये पाठवते." आता तुमचा मेसेज आगाऊपणा वाटत नाही, कबूल केलेली गोष्ट पोहोचल्यासारखा वाटतो. हो, जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्याकडे तुमचा मेसेज विनंत्यांच्या कप्प्यात जाऊन पडतो आणि बहुतेकदा तिथेच राहतो, त्यामुळे अशा नावांवर फार आशा ठेवू नका. नावं मात्र त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. स्टोरी २४ तासांत उतरते आणि ती कुणी पाहिली याची यादी ४८ तासांनंतर मिळत नाही. "उद्या बघू" म्हणून मी कितीतरी चांगली नावं घालवली आहेत.

मेसेजमधले ते तीन प्रश्न असे: खोली कुठली? खिडकीतून थेट ऊन येतं की नुसता उजेड? रंग नावडतो तो दिवसा, रात्री की दोन्ही वेळा? बस. मोबाइल नंबर, बजेट, पत्ता यातलं काहीही पहिल्या मेसेजात मागू नका. या तीन उत्तरांवरून मला निम्मं निदान करता येतं, आणि त्याची अडचण मला कळतेय असं समोरच्यालाही पुढच्या एकदोन वाक्यांत जाणवतं. सल्ल्याची विक्री तिथून सुरू होते.

एक प्रकरण सविस्तर सांगते, म्हणजे पोलपासून पैशापर्यंतची वाट दिसेल.

एका बाईंनी चौथा पर्याय निवडला होता. उत्तर आलं: दिवाणखाना, थेट ऊन नाही, दिवसा बरा पण रात्री एक भिंत निळसर-जांभळी आणि समोरची मळकट पिवळी. "चारही भिंतींना एकाच डब्यातला रंग आहे, पेंटरने फसवलं का?" त्यांनी नवीन शेडही मनात ठरवली होती आणि किती डबे लागतील तेच विचारत होत्या. माझ्यासमोर सरळ विक्री होती.

मी त्यांच्याकडून तीन फोटो मागवले. एक दुपारी, सगळे दिवे बंद करून. एक रात्री, सगळे दिवे लावून. तिसराही रात्रीचा, पण एक कोरा पांढरा कागद निळसर भिंतीला आणि तसाच दुसरा पिवळ्या भिंतीला टेकवून, दोन्ही भिंती एकाच फोटोत येतील असा कोपऱ्यातून काढलेला. हा कागद फार कामाचा. पांढरा कागद पांढरा आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे तो फोटोत ज्या बाजूला झुकलेला दिसतो ती झाक भिंतीची नसून उजेडाची असते. त्यांच्या फोटोत एका भिंतीपाशी कागद निळसर होता आणि दुसरीपाशी पिवळा. म्हणजे रंग एकच होता, उजेड दोन होते. विचारल्यावर कळलं की छतातले दिवे एकदम पांढरे होते, ६५०० केल्विनचे, आणि नंतर घेतलेला कोपऱ्यातला उभा दिवा २७०० केल्विनचा. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर किंवा दिव्यावरच छापलेला असतो. तो जितका कमी तितका उजेड पिवळा, जितका जास्त तितका निळसर. त्यात दोन्ही उजेड शेजारीशेजारी पडले की डोळा त्यांच्यातला फरक आणखी वाढवून दाखवतो, आणि राखाडीसारखा स्वतःचा ठाम रंग नसलेला रंग त्याला आधी बळी पडतो.

मी त्यांना कळवलं: रंग बदलू नका, आधी दिवे एका जातीचे करा, १५ दिवस तसेच राहू द्या आणि मग पुन्हा बोलू. नवीन शेड लावली असती तर तीही दोन रंगांची दिसली असती. त्यांनी दिवे बदलले, रात्रीची तक्रार गेली. त्या दिवाणखान्यासाठी माझ्याकडून एक डबाही गेला नाही. पण फोटो पाहून निदान करण्याचं शुल्क मी घेतलं होतं, आणि ते आधीच सांगून घेतलं होतं. चारेक महिन्यांनी त्यांनी झोपायची खोली काढली तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो: फुकट किती सांगायचं? माझी रेघ अशी आहे की कारण फुकट, निर्णय पैसे घेऊन. "दोन जातींचे दिवे असले की एकच भिंत दोन रंगांची दिसते" हे मी स्टोरीत सगळ्यांना सांगते. "तुमच्या या खोलीला ही शेड, हा फिनिश, इतके लिटर" हे मात्र फोटो आणि मापं घेतल्याशिवाय, शुल्क ठरल्याशिवाय सांगत नाही. यात कंजूषपणा काहीच नाही. खोलीचा उजेड पाहिल्याशिवाय सांगितलेली शेड हा नुसता अंदाज असतो आणि तो चुकला तर नाव तुमचं खराब होतं. बरेच जण रंग विकत घेतल्यास सल्ल्याचं शुल्क त्या बिलातून वळतं करतात. तुम्हीही करा हवं तर, पण मग "रंगवू नका" हा सल्ला देताना हात आखडतो का, ते स्वतःशी तपासा. मी शुल्क वळतं करणं बंद केलं ते याचमुळे.

आता क्विझ. क्विझमध्ये उत्तर देताक्षणी बरोबर कुठलं ते माणसाला कळतं. म्हणून तिचा उपयोग त्याचा एखादा पक्का गैरसमज मोडायला करावा. "आमचं दुकान कधी सुरू झालं?" असली क्विझ टाकू नका, त्यात उत्तर देणाऱ्याचं काहीच अडलेलं नसतं. माझ्या अनुभवात रंगातले दोनच गैरसमज असे आहेत की ते मोडले की विक्री पुढे सरकते.

पहिला, रंगाचं प्रमाण. क्विझ अशी: "खोली ४ मीटर बाय ३ मीटर, उंची २.७ मीटर, एक दार, एक खिडकी. छत सोडून भिंतींना रंग किती लागेल?" पर्याय साडेतीन लिटर, सात, बारा आणि वीस. पुढच्या स्टोरीत हिशोब हाताने कागदावर लिहून दाखवायचा, छापील तक्ता नको. चारही भिंतींची मिळून लांबी १४ मीटर, गुणिले २.७ म्हणजे ३७.८ चौरस मीटर. दाराचे सुमारे १.९ आणि खिडकीचे १.८ वजा केले की उरतात ३४.१. रंगाचे दोन हात म्हणजे ६८.२. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० चौरस मीटर धरले तर ६.८, म्हणजे सात लिटर. किती चौरस मीटर धरायचे ते डब्यावर लिहिलेलं असतं, तोच आकडा वापरा. भिंत खरबरीत असेल किंवा नुकती पुट्टी केलेली आणि प्रायमर न मारलेली असेल तर ती जास्त पिते, हेही त्याच कागदावर तळाशी लिहा.

आता गंमत बघा. साडेतीन लिटर निवडणारे लोक चुकले खरे, पण ते आंधळेपणाने चुकलेले नाहीत. त्यांनी हिशोब केला आणि दुसरा हात विसरले. म्हणजे त्यांना आकडेमोड करण्याइतकं या विषयात स्वारस्य आहे. वीस निवडणारा बहुतेक उगीच बोट लावणारा असतो. मी मेसेज पाठवते तो साडेतीनवाल्यांना: "तुमचा हिशोब एका हाताचा बरोबर होता. तुमच्या खोलीची मापं पाठवलीत तर दोन हातांचा करून देते." हेही आधी स्टोरीत कबूल केलेलं असतं. या मेसेजला मापं आली की समजायचं, काम निघालेलं आहे. नुसती हौस असलेला माणूस टेप काढून भिंत मोजायला जात नाही. आणि अर्ध्यात रंग संपणं ही काय भानगड असते ते तुम्हाला सांगायला नको. नंतर मशीनवर बनवलेला डबा त्याच नंबरचा असला तरी केसभर फरक पडू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. हे एक वाक्य त्या मेसेजमध्ये घालत चला. सगळे डबे एकदम घेऊन एका मोठ्या बादलीत एकत्र कालवा, असंही सांगा.

दुसरा गैरसमज म्हणजे "शेडकार्डावर दिसते तीच शेड भिंतीवर येते". यासाठी मी एका पुठ्ठ्याचे तीन फोटो दाखवते: दिवसाच्या उजेडात, पिवळ्या दिव्याखाली, पांढऱ्या दिव्याखाली. प्रश्न: "इथे किती वेगवेगळ्या शेड्स आहेत?" पर्याय एक, दोन, तीन. उत्तर एक. यात फोटो काढताना सगळ्यांची एक चूक होते. फोनचा कॅमेरा आपणहून पांढऱ्याचा तोल सावरतो, म्हणजे पिवळा उजेड दिसला की तो फोटोतला पिवळेपणा काढून टाकतो. मग तिन्ही फोटो सारखेच दिसतात आणि तुमची क्विझ फुसकी ठरते. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ५००० केल्विनच्या आसपास पक्का करा आणि तिन्ही फोटो त्याच आकड्यावर काढा. तो मोड नसेल तर तीन वेगळे फोटो काढूच नका. एकच पुठ्ठा असा ठेवा की त्याच्या अर्ध्या भागावर खिडकीचा उजेड आणि अर्ध्यावर दिव्याचा उजेड पडेल. एकाच फ्रेममध्ये कॅमेऱ्याला दोन्ही बाजू एकदम सावरता येत नाहीत, फरक टिकून राहतो.

तसंच शेडच्या फोटोवर लाल-गुलाबी अक्षरं, भडक इमोजी चिकटवू नका. शेजारचा भडक रंग डोळ्याला फसवतो, राखाडी लालाच्या शेजारी हिरवट वाटते. पांढऱ्या किंवा काळ्या साध्या अक्षरांत लिहा आणि स्टिकर शेडपासून दूर ठेवा. फिल्टरबद्दल काही बोलायलाच नको.

प्रश्नाचा स्टिकर सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. अवघड यासाठी की बोट लावायला क्षण पुरतो, पण टाइप करायला माणसाला काहीतरी सुचावं लागतं. स्टिकरवर आपोआप येणारं "मला प्रश्न विचारा" तसंच ठेवलंत तर "किंमत काय?" आणि "छान!" यापलीकडे फारसं काही येणार नाही. कोऱ्या पानासमोर कुणीही गांगरतं. म्हणून चौकट अरुंद करून द्या. मी दोन मजकूर आलटूनपालटून वापरते. एक: "डोक्यात असलेली भिंत सांगा: खोली, खिडकी कुठल्या बाजूला, अडचण काय." दुसरा: "मागच्या वेळी रंगवल्यावर कशाचा पश्चात्ताप झाला?" दुसऱ्याला उत्तरं जास्त येतात. आपली फसगत सांगायला माणसाला आवडतं, विशेषतः ऐकणारा हसणार नाही अशी खात्री असली की. "पांढरा लावला तरी खोली अंधारीच", "चकचकीत रंग लावला आणि भिंतीचे सगळे खड्डे उठून दिसले", "सहा महिन्यांत पापुद्रे" अशी उत्तरं येतात. यातलं प्रत्येक उत्तर म्हणजे एका सल्ल्याचं काम आहे.

आणि हा स्टिकर पोलच्या आधी टाकू नका. आधी दिव्यांचा पोल टाका, मग लगेच एका स्टोरीत कारण चार ओळींत सांगा आणि तिसऱ्या स्टोरीत प्रश्नाचा स्टिकर द्या. पहिल्या स्टोरीत बोट लावलेल्या माणसाला तिसऱ्यात दोन ओळी लिहिणं सोपं जातं. तरी उत्तरं कमीच येतील, पाचसहा आली तरी पुरे. एकही आलं नाही तर खोटे प्रश्न स्वतः रचून टाकू नका, ते ओळखू येतात. दुकानात त्या आठवड्यात कुणी खरंच काय विचारलं ते लिहा, "काल एकांनी दुकानात विचारलं" असं सांगून. प्रश्न खरा असला की त्याच्या बारकाव्यातच तो खरेपणा दिसतो.

आलेलं उत्तर स्टोरीत घेऊन त्यावर बोलता येतं आणि तिथे लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. तरीही त्यांनी पाठवलेला खोलीचा फोटो परवानगीशिवाय लावू नका, आणि परवानगी मिळाली तरी भिंतीवरचे कौटुंबिक फोटो झाका. उत्तर देताना एक उदाहरण देते. "पांढरा लावला तरी खोली अंधारी" याला मी असं बोलले: रंग उजेड निर्माण करत नाही, पडलेला परत फेकतो. शेड किती उजेड परत फेकते याचा एक आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात त्याला, काळ्याकडे ० आणि पांढऱ्याकडे १००. पुष्कळ कंपन्या शेडच्या माहितीत तो देतात. पण खोलीत मुळात उजेडच नसेल तर ८५चा पांढराही परत काय फेकणार? तो राखाडी, मळलेला दिसतो. अशा खोलीत आधी दिव्यांची जागा पाहावी आणि मग कधी कधी पांढऱ्यापेक्षा मध्यम, थोडा ऊबदार रंग जास्त जिवंत वाटतो. एवढं सांगून मी थांबले. कुठला मध्यम रंग, ते नाही सांगितलं. ज्यांनी लिहिलं होतं त्यांना मेसेजमध्ये खोलीचा दुपारचा आणि रात्रीचा फोटो मागितला. स्टोरी पाहणाऱ्या आणखी दोघांनी न मागता आपल्या खोल्यांचे फोटो पाठवले, कारण अंधारी खोली काही एकाच घरात नसते.

मात्र पापुद्र्यांच्या उत्तरापाशी सांभाळा. रंग सुटतो तेव्हा कारण बहुतेक वेळा शेडच्या पलीकडचं असतं: भिंतीत ओल असते, नाहीतर पुट्टी-प्रायमर नीट बसलेला नसतो. अशा माणसाला रंगसल्ला विकायला जाऊ नका. "आधी ओल कुठून येते ते पाहा, भिंत पूर्ण सुकू द्या, नंतर या" असं सांगून सोडून द्या. त्याला आत्ता रंग विकलात तर सहा महिन्यांनी पश्चात्तापाच्या स्टिकरवर तोच तुमच्याबद्दल लिहील.

फोटो आले, शुल्क ठरलं, पुढे काय, हे थोडक्यात. त्या बाईंच्या झोपायच्या खोलीचं उदाहरण घेते. त्यांना फोनवर पाहिलेली एक निळसर राखाडी हवी होती. फरशी लालसर होती, आणि खिडकीतलं ऊन फरशीवर पडून भिंतीच्या खालच्या भागावर उमटत होतं. मी तीन शेड्सचे पुठ्ठे करायला लावले, प्रत्येक ६० बाय ६० सेंटिमीटर, रंगाचे दोन हात, कडेने बोटभर पांढरी जागा सोडून. ती पांढरी कड नसली की जुन्या भिंतीचा रंग डोळ्यात मिसळतो. पुठ्ठे पूर्ण सुकू दिले, कारण ओला इमल्शन आणि सुकलेला इमल्शन वेगळा दिसतो, सुकल्यावर बहुधा गडद होतो. मग ते भिंतीला उभे टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री पाहिले. आडवे ठेवून पाहायचे नाहीत, त्यांच्यावर उजेड वेगळा पडतो. निळसर राखाडी दुपारी फरशीच्या लालीने जांभळी झाली. त्यांनीच ती बाजूला काढली. हिरवट झाक असलेली राखाडी मात्र तिन्ही वेळा राखाडीच राहिली, आणि तीच लागली.

या सगळ्या प्रवासात मी त्यांना "कुठली आवडली?" असं एकदाही विचारलं नाही. "कुठली बदलली?" असं विचारलं. ज्याला आपली आवड सांगता येत नाही त्यालाही कुठली शेड बदलली हे सांगता येतं. हाच प्रश्न पुढे स्टोरीत वापरता येतो. त्यांच्या परवानगीने तेच तीन पुठ्ठे सकाळी आणि रात्री एकाच फ्रेममध्ये दाखवले आणि पोल टाकला: "यातला कुठला बदलला?" फोनचा पडदा रंग बदलत असला तरी एका फ्रेममधले शेजारचे पुठ्ठे साधारण एकाच दिशेने बदलतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक बऱ्यापैकी टिकतो. शेड दाखवायचीच असेल तर ती अशी, तुलनेत दाखवा.

मोजायचं काय, तेही सांगते, कारण मतांच्या आकड्यानेच तुमची फसगत केली आहे. माझ्या वहीत चार रकाने आहेत: नाव, खोली, काम कधी, शेवटचं बोलणं कधी. "काम कधी" हा रकाना भरण्यासाठी महिन्यातून एकदाच एक रुक्ष पोल टाकते: "रंगकाम कधी काढताय? या महिन्यात, दोनतीन महिन्यांत, पुढच्या वर्षी, नुसतं बघतोय." शेवटचा पर्याय मुद्दाम ठेवते, म्हणजे बाकीचे तीन स्वच्छ राहतात. या पोलला मतं सगळ्यात कमी पडतात. समजा ४०० जणांनी पाहिला आणि ३० जणांनी मत दिलं, त्यातही २० "नुसतं बघतोय". तरी उरलेल्या दहांची नावं मला तुमच्या दोनशे मतांपेक्षा जास्त उपयोगाची वाटतात. "या महिन्यात" म्हणणाऱ्यांना त्याच दिवशी कुठले फोटो काढून पाठवायचे त्याची यादी पाठवते. "दोनतीन महिन्यांत"वाल्यांना आता काहीच पाठवत नाही, वहीत महिना लिहून ठेवते आणि त्या महिन्यात मेसेजमधले ते तीन प्रश्न पाठवते. पुढच्या वर्षीचं एक पान मागे वेगळं आहे. त्यातल्या काहींना मी दर वेळी विसरते, आणि मग त्यातलंच कुणीतरी एखाद्या रात्री दिव्यांच्या पोलवर चौथा पर्याय निवडतं.